हॅझर्ड रेशो ०.६४ म्हणजे शंभरातले छत्तीस नव्हेत



गेल्या महिन्यात पालक सभा संपल्यावर एक वडील वर्गात थांबले. त्यांच्या थोरल्या भावाला जिभेचा कॅन्सर निघालाय. लवकर लक्षात आला, गाठ लहान आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, जिभेचं ऑपरेशन करतानाच मानेतल्या गाठीही काढून घेऊ. घरच्यांचा प्रश्न सरळ होता. मानेत हाताला काहीच लागत नाही, मग चांगली मान कशाला कापायची? तेवढ्यात कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवला की मुंबईत मोठा अभ्यास झालाय, मानेचं ऑपरेशन आधीच केलं तर "३६ टक्के पेशंट जास्त वाचतात", खाली लिहिलेलं "एचआर ०.६४". मोबाईल माझ्यापुढं धरून ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही गणित शिकवता. शंभरातले छत्तीस वाचतात, असंच ना हे?"

तसं नाही. पण मग काय, हे त्यांना दोन वाक्यांत मला सांगता येईना. आपण सहावीला गुणोत्तर आणि प्रमाण शिकवतो. हा आकडाही गुणोत्तरच आहे, फक्त कशाचं कशाशी गुणोत्तर हे नीट बघावं लागतं. सातारा-सांगलीकडं तंबाखू, मावा, मिश्री घराघरात आहे. आज ना उद्या असा आकडा आपल्यापैकी कुणाच्याही हातात येईल. म्हणून हा लेख.

आधी अभ्यास काय होता ते पाहू

हा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. २०१५ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात छापून आला. प्रश्न अगदी त्या वडिलांचाच होता.

तोंडाचा कॅन्सर पसरतो तो बहुधा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये. सुरुवातीला तिथं गेलेल्या पेशी इतक्या थोड्या असतात की हाताला गाठ लागत नाही. मग दोन मार्ग उरतात. एक, तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या ग्रंथी काढून टाकायच्या. दुसरा, तोंडातली गाठ काढायची, मानेवर लक्ष ठेवायचं आणि तिथं गाठ दिसली तरच मानेचं ऑपरेशन करायचं. दुसऱ्या मार्गात बऱ्याच जणांची मान वाचते, पण उशीर होण्याचा धोका राहतो. कुठला मार्ग बरा, यावर डॉक्टरांमध्येच मतभेद होते.

जानेवारी २००४ ते जून २०१४ या काळात ५९६ रुग्ण अभ्यासात घेतले गेले. सगळ्यांची तोंडातली गाठ सुरुवातीच्या टप्प्यातली आणि मानेत काही न लागणारी. कोणाला कुठला मार्ग मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं गेलं, डॉक्टरांच्या किंवा रुग्णांच्या पसंतीनं नाही. जे निकाल छापले गेले ते पहिल्या ५०० रुग्णांचे, ज्यांच्यावर किमान नऊ महिने लक्ष ठेवून झालं होतं. "मान आधीच" गटात २४५ जण होते, "मान नंतर, लागली तर" गटात २५५. पहिल्या गटात ५० मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ७९.

आता कुणीही म्हणेल, यात अवघड काय? २४५ पैकी ५० म्हणजे सुमारे २० टक्के, २५५ पैकी ७९ म्हणजे ३१ टक्के. झाली तुलना.

अडचण अशी की हे पाचशे जण एकाच दिवशी आलेले नाहीत. कुणी २००४ मध्ये आला, त्याच्यावर कित्येक वर्षं लक्ष राहिलं. कुणी उशिरा आला, त्याचे नऊ-दहा महिनेच झालेत. तो आज जिवंत आहे, पण पुढं काय होईल हे अजून घडलेलंच नाही. काही जण मधेच तपासणीला यायचे थांबतात. या सगळ्यांना "वाचले" म्हणून मोजणं चूक, आणि त्यांना वगळणंही चूक. हा पेच सोडवायला १९७२ मध्ये डेव्हिड कॉक्स या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं एक रीत मांडली. तिलाच प्रपोर्शनल हॅझर्ड्स रिग्रेशन म्हणतात. आपल्या भाषेत, प्रमाणबद्ध धोक्याची रीत.

शाळेतल्या रोपांवरून

ही रीत रोपांवर समजून घेऊ. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत. माण-खटावकडच्या एखाद्या शाळेत पावसाळ्यात दहा रोपं लावली असं धरा. पाच रोपांना कुंपण आणि शेजारी पुरलेलं पाण्याचं मडकं, हा मडक्याचा वाफा. पाच रोपं नुसतीच लावलेली, हा साधा वाफा. वर्षभरात असं झालं:

दुसरा महिना: साध्या वाफ्यातलं एक रोप वाळलं.
तिसरा महिना: मडक्याच्या वाफ्यातलं एक रोप गावकऱ्यांनी देवळापाशी हलवलं. जिवंत होतं, पण आता आपल्या नजरेआड.
चौथा महिना: मडक्याच्या वाफ्यातलं एक वाळलं.
पाचवा महिना: साध्या वाफ्यातलं एक वाळलं.
सहावा महिना: साध्या वाफ्यातलं एक रोप पालकांनी घरी नेलं.
सातवा महिना: साध्या वाफ्यातलं आणखी एक वाळलं.
उरलेली चार रोपं वर्षअखेर जिवंत.

हलवलेल्या रोपाला या शास्त्रात सेन्सॉर झालेलं म्हणतात. त्याच्याबद्दल एवढंच माहीत आहे की तिसऱ्या महिन्यापर्यंत ते जिवंत होतं. कॉक्सची रीत ही माहिती फेकून देत नाही. तिसऱ्या महिन्यापर्यंत त्या रोपाला हजेरीत धरते, नंतर हजेरीतून कमी करते. टाटाच्या अभ्यासात नऊ महिनेच लक्ष ठेवलेल्या रुग्णाचंही तसंच.

आता मुख्य कल्पना. प्रत्येक वेळी एखादं रोप वाळतं तेव्हा रीत एकच प्रश्न विचारते: त्या घडीला हजेरीत कोण कोण होतं, आणि त्यांच्यापैकी नेमकं याच वाफ्यातलं रोप वाळण्याची शक्यता किती होती?

समजा मडक्याच्या रोपाचा त्या घडीचा धोका साध्या रोपाच्या r पट आहे. हा r म्हणजेच हॅझर्ड रेशो. दुसऱ्या महिन्यात हजेरीत पाच साधी आणि पाच मडक्याची होती, वाळलं साधं. त्याची शक्यता ५ भागिले (५ + ५r). चौथ्या महिन्यात प्रत्येकी चार होती, वाळलं मडक्याचं, शक्यता ४r भागिले (४ + ४r). पाचव्यात चार साधी, तीन मडक्याची, वाळलं साधं, शक्यता ४ भागिले (४ + ३r). सातव्यात दोन साधी, तीन मडक्याची, वाळलं साधं, शक्यता २ भागिले (२ + ३r). या चारही शक्यतांचा गुणाकार करायचा:

```
5/(5+5r) × 4r/(4+4r) × 4/(4+3r) × 2/(2+3r)
```

मग r च्या वेगवेगळ्या किमती घालून बघायच्या की गुणाकार कुठं सगळ्यात मोठा येतो. r = १ घातला (दोन्ही वाफ्यांचा धोका सारखा) तर गुणाकार ०.०५७ येतो. r = ०.५ ला ०.०९२. r = ०.३२ ला ०.१००. r = ०.१ ला परत खाली, ०.०६७. म्हणजे घडलेली हकीकत सगळ्यात चांगली जुळते ती r सुमारे ०.३२ असताना. हाच आपला हॅझर्ड रेशो. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा. सातवी-आठवीची हुशार मुलंही करतील.

दोन गोष्टी लक्षात आल्या का? पहिली, सूत्रात महिना कुठंच आला नाही. फक्त कोण आधी गेलं, कोण नंतर, आणि त्या वेळी हजेरीत किती होते एवढंच आलं. उन्हाळ्यात सगळ्याच रोपांचा धोका वाढतो, पावसात कमी होतो. तो चढउतार दोन्ही वाफ्यांना सारखाच, म्हणून वर-खाली छेदून जातो. मूळ धोका किती हे माहीत नसतानाही दोघांचं गुणोत्तर काढता येतं, हीच कॉक्सची खरी युक्ती.

दुसरी, नियमात एक अट लपलेली आहे. r दुसऱ्या महिन्यातही तोच आणि सातव्या महिन्यातही तोच धरलाय. धोका कितीही वर-खाली होवो, दोन गटांतलं प्रमाण कायम राहतं, ही ती अट. नावातलं "प्रपोर्शनल" तिथून आलं.

आणि "रिग्रेशन" कशासाठी? कारण वाफा एवढीच एक गोष्ट नसते. एखादं रोप आंब्याचं, एखादं चिंचेचं, एखाद्याची जमीन खडकाळ. अशा प्रत्येक गोष्टीसाठी धोक्याला एक-एक गुणक लावता येतो:

```
h(t) = h0(t) × exp(b1·x1 + b2·x2)
```

इथं h0(t) म्हणजे वेळेप्रमाणे बदलणारा मूळ धोका आणि बाकीचे गुणक. चिठ्ठी टाकून गट केले नसतील तर हे फार लागतं. नाहीतर तब्येतीनं बऱ्या रुग्णांचंच मोठं ऑपरेशन होतं आणि सगळं श्रेय ऑपरेशनला जातं. टाटाच्या अभ्यासात गट चिठ्ठीनं झालेले, म्हणून तिथं एकाच गुणकाचा साधा आकडाही भरवशाचा आहे.

आता ०.६४ वाचू

टाटाच्या अभ्यासात मृत्यूसाठीचा हॅझर्ड रेशो ०.६४ आला. याचा अर्थ असा: कुठल्याही घडीला दोन्ही गटांतले तोवर जिवंत असलेले रुग्ण घेतले, तर "मान आधीच" गटात मृत्यू होण्याचा वेग दुसऱ्या गटाच्या ०.६४ पट होता. म्हणजे वेग ३६ टक्क्यांनी कमी.

छत्तीस आला खरा, पण तो वेगातला आहे, माणसांतला नाही. शंभर माणसांतली किती जास्त जगली हे विचारायचं असेल तर त्यासाठी वेगळा आकडा बघावा लागतो, आणि तो त्याच लेखात दिलाय. तीन वर्षांनी "मान आधीच" गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. फरक १२.५ टक्के. म्हणजे शंभरामागे बारा-तेरा जण, किंवा असं म्हणा, आठ जणांचं मानेचं ऑपरेशन आधीच केलं तर तीन वर्षांच्या टप्प्याला त्यांतला एक जण जास्त जिवंत दिसतो. छत्तीस नाही, पण आठांत एक हेही थोडं नव्हे.

या दोन आकड्यांचं नातं घरी तपासता येतं. दोन गटांत धोक्याचं प्रमाण कायम असेल, तर एका गटाची जगण्याची टक्केवारी म्हणजे दुसऱ्या गटाच्या टक्केवारीचा हॅझर्ड रेशो-वा घात. कॅल्क्युलेटरवर टाका:

```
0.675^0.64
```

उत्तर येतं सुमारे ०.७८. प्रत्यक्षात ०.८० होतं. बऱ्यापैकी जवळ. त्याच अभ्यासात आणखी एक निकाल आहे: आजार परत न येता जगणं. तीन वर्षांनी हे प्रमाण ६९.५ टक्के आणि ४५.९ टक्के, हॅझर्ड रेशो ०.४५. 0.459^0.45 करून बघा, ०.७० येतं. प्रत्यक्षात ०.६९५. हे जवळजवळ तंतोतंत. एका टप्प्यावर जुळलं म्हणजे सगळीकडं जुळलं असं सिद्ध होत नाही, पण आकडे एकमेकांशी बोलताहेत एवढं दिसतं.

याच सूत्रानं आणखी एक गोष्ट कळते. समजा एखाद्या आजारात उपचाराशिवायही तीन वर्षांनी १०० पैकी ९५ जण जिवंत असतात आणि नव्या उपचाराचा हॅझर्ड रेशो तोच, ०.६४ आहे. 0.95^0.64 येतं सुमारे ०.९६८. म्हणजे ९५ चे झाले जेमतेम ९७. शंभरामागे दोन माणसांचाही फरक नाही. तोच ०.६४, पण एके ठिकाणी बारा-तेरा माणसं आणि दुसरीकडं दोनच. म्हणून नुसता हॅझर्ड रेशो सांगून थांबणारा संदेश अर्धाच असतो. मूळ धोका किती हे विचारल्याशिवाय त्याचं माणसांत रूपांतर होत नाही.

ज्यांना वर काढलेले २० आणि ३१ टक्के आठवत असतील ते विचारतील, २० ला ३१ नं भागलं तरी ०.६५ येतंच की, मग एवढा खटाटोप का? इथं जवळचं उत्तर आलं हे खरं. पण विचार करा, दोन्ही गटांवर साठ-सत्तर वर्षं लक्ष ठेवलं तर? तेव्हा दोन्हीकडं शंभर टक्के माणसं गेलेली असतील. टक्क्यांचं गुणोत्तर १ होईल, जणू ऑपरेशनचा उपयोगच नव्हता. माणूस केव्हा गेला हे टक्क्यांच्या गुणोत्तराला दिसत नाही. हॅझर्ड रेशोला दिसतं, कारण तो प्रत्येक घडीला हजेरी घेतो.

आणखी एक गैरसमज: ०.६४ म्हणजे आयुष्य ३६ टक्क्यांनी वाढलं. तेही नाही. या आकड्यात वर्षं-महिने कुठंच नाहीत, हे रोपांच्या सूत्रात आपण पाहिलंच.

कंसातले दोन आकडे

लेखात ०.६४ च्या पुढं कंसात ०.४५ ते ०.९२ असं लिहिलेलं आहे. संदेश पुढं पाठवणारे नेमकं हेच गाळतात. पाचशे रुग्णांचा हा एक नमुना आहे. दुसरे पाचशे घेतले असते तर आकडा थोडा वेगळा आला असता. ही डळमळ धरून खरा आकडा कुठं असू शकतो त्याची ही व्याप्ती.

या व्याप्तीत १ आहे का, हे आधी बघायचं. १ म्हणजे दोन्ही गटांत फरक नाही. इथं वरचं टोक ०.९२, म्हणजे १ च्या खाली. फायदा आहे असं म्हणायला आधार मिळाला. पण त्याच वेळी हेही दिसतं की फायदा ५५ टक्क्यांइतका मोठा असू शकतो किंवा ८ टक्क्यांइतका लहान. (हे टक्केही वेगातलेच.) ०.६४ हा मधला अंदाज आहे, दगडावरची रेघ नाही.

आपल्या रोपांचं काय? ०.३२ हा आकडा ०.६४ पेक्षा कितीतरी भारी दिसतो. पण त्याची व्याप्ती मी काढली तर ती येते साधारण ०.०३ ते ३.१. म्हणजे मडक्यामुळं धोका तीस पटीनं कमीही होत असेल किंवा तिप्पट वाढतही असेल! कारण वाळलेली रोपं चारच. ही रीत माहिती घेते ती घडलेल्या घटनांतून. किती जण अभ्यासात होते यापेक्षा किती घटना घडल्या हे महत्त्वाचं. टाटाच्या अभ्यासात १२९ मृत्यू होते, म्हणून व्याप्ती आवळ आली.

कुठं फसतं

पहिली जागा म्हणजे प्रमाण कायम असण्याची अट. समजा एखाद्या मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात धोका जास्त, पण ते दिवस निघून गेले की पुढं कितीतरी कमी. मग गुणोत्तर आधी १ च्या वर आणि नंतर १ च्या खाली. दोन्हीची सरासरी काढून एकच आकडा दिला तर तो कुठल्याच काळाचं खरं सांगत नाही. ओळखायचं कसं? अशा लेखांत दोन गटांच्या जगण्याच्या जिन्यासारख्या उतरत्या रेषा छापलेल्या असतात. त्या रेषा एकमेकींना स्पष्ट छेदत असतील, किंवा बराच काळ चिकटून राहून मग अचानक फाकत असतील, तर एका आकड्यावर विसंबू नका. तेव्हा ठरावीक वर्षांच्या टक्केवाऱ्याच पाहाव्यात. संशोधक यासाठी शोनफेल्ड रेसिड्यूअल नावाची चाचणीही लावतात. ती काळाप्रमाणे गुणोत्तर सरकतंय का ते दाखवते.

दुसरी जागा सेन्सॉर झालेल्यांची. हजेरीतून कमी झालेलं रोप बाकीच्यांसारखंच होतं, असं ही रीत धरून चालते. पण पालकांनी घरी नेलेलं रोप कोमेजायला लागलं म्हणूनच नेलं असेल तर? ते पुढं वाळलं असतं आणि आपल्याला कळलंही नसतं. साधा वाफा खऱ्यापेक्षा बरा दिसला असता. रुग्णांचंही असंच होऊ शकतं. आपल्या गावाकडून मुंबईला तपासणीसाठी जायचं म्हणजे गाडीभाडं, एक दिवसाचा रोज, सोबतीला माणूस. जास्त आजारी पडलेला माणूसच यायचा थांबला तर हिशेब बिघडतो. म्हणून कुठलाही असा अभ्यास वाचताना विचारावं: मधेच सुटलेले किती, आणि ते एकाच गटातले जास्त आहेत का?

तिसरी जागा म्हणजे आकडा कोणाचा आणि लावतोय कोणाला. ०.६४ हा सुरुवातीच्या टप्प्यातल्या, मानेत काही न लागणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरचा आहे. मानेत मोठी गाठ आलेल्या रुग्णाला तो लागू नाही. घशाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कॅन्सरलाही नाही. आणि तो फक्त मृत्यूबद्दल बोलतो, त्रासाबद्दल नाही. त्याच लेखात दिलंय की ऑपरेशनशी निगडित त्रास "मान आधीच" गटात ६.६ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात ३.६ टक्क्यांना. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा आखडू शकतो, हात वर करायला जड जातं. उसाची मोळी उचलणाऱ्या माणसाला हेही मोजायला हवं.

त्या वडिलांना काय सांगितलं

चार दिवसांनी ते परत भेटले तेव्हा मी फळ्यावर शंभर टिंबं काढली. म्हटलं, दाजी, ही शंभर माणसं, तुमच्या भावासारखीच. मान नंतर बघू म्हटलं तर तीन वर्षांनी यातली साधारण सदुसष्ट-अडुसष्ट असतात. मान आधीच केली तर ऐंशी. मधली ही बारा-तेरा टिंबं, हा त्या ऑपरेशनचा फायदा. छत्तीस नाही. आणि ही वरची वीस टिंबं बघा, आधी ऑपरेशन करूनही ती राहिली नाहीत.

ते बराच वेळ फळ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हाताला लागत नाही म्हणून नाही, असं म्हणता येत नाही." एवढं मोठं सूत्र त्यांनी एका वाक्यात आणलं. ठरवायचं काम माझं नाही, त्यांच्या डॉक्टरांचं आणि भावाचं आहे, हे मी सांगितलं. सोबत तीन प्रश्न कागदावर लिहून दिले: आमच्या पेशंटची गाठ त्या अभ्यासातल्यासारखीच आहे का? त्याच्यासारख्या शंभर जणांत ऑपरेशन करून आणि न करून तीन वर्षांनी किती राहतात? खांद्याचा त्रास किती जणांना होतो आणि व्यायामानं किती सुटतो?

कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. सोमवारी मिरजेला जाणार होते.

तुमच्या वर्गात हे करून बघायचं असेल तर रोपांची हजेरी आजपासूनच ठेवा. कुठलं रोप कोणत्या तारखेला वाळलं आणि कुठलं कोणी हलवलं, दोन्ही लिहा. हलवलेल्या रोपाची नोंद खोडू नका. हिशेबात तीही लागते.